दीड तासाचे रेकॉर्डिंग, एका पानाचे टिपण : सोयाबीनच्या प्रशिक्षणातून नेमके काय उतरवायचे?

खरिपाच्या तोंडावर शेतकऱ्यांच्या मोबाइलवर प्रशिक्षणांची रेकॉर्डिंग येऊन पडतात. काही कृषी विज्ञान केंद्राची, काही शेतीशाळेची, तर काही परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या ऑनलाइन शेतकरी-शास्त्रज्ञ संवादाची. माहिती चांगली असते. पण दीड तास ऐकायला वेळ नसतो, म्हणून गटातला कोणीतरी त्याचे दहा ओळींचे टिपण करतो आणि पुढे तेच टिपण गावभर फिरते.

खरी गडबड इथेच होते. सांगणाऱ्याने ‘असे असेल तर इतके’ असे सांगितलेले असते, टिपणात फक्त ‘इतके’ उरते. ‘जर’ गळतो. हेक्टरी की एकरी, लिटरला की पंपाला, हेही गळते. सेनगाव तालुक्यातल्या साखरा परिसरातील दोन एकर सोयाबीन करणारा एखादा शेतकरी डोळ्यासमोर ठेवून, असे रेकॉर्डिंग कामाच्या पायऱ्यांत कसे उतरवायचे, ते पाहू.

आधी ऐकायचे कसे?

पहिल्यांदा ऐकताना सगळे लिहायला जाऊ नका. वक्ता जिथे आकडा सांगतो किंवा काही करायला सांगतो, तिथली फक्त वेळ टिपा. उदाहरणार्थ, ‘१८ व्या मिनिटाला बियाणे, ४१ व्या मिनिटाला अळी’. दुसऱ्यांदा तेवढेच तुकडे ऐका आणि प्रत्येक आकड्यासमोर चार गोष्टी लिहा : काय, किती, कशामागे आणि कोणत्या अटीवर. चारपैकी एक रकाना जरी रिकामा राहिला, तरी तो आकडा गटावर टाकू नका.

शेवटची प्रश्नोत्तरे सोडू नका. ‘माझी जमीन मुरमाड आहे’, ‘आमच्याकडे चार्जिंगचा पंप आहे’ असे प्रश्न तिथेच येतात आणि भाषणात राहून गेलेल्या अटी उत्तरांत बाहेर पडतात.

औषधांची नावे लिहिताना तर जास्तच जपायला हवे. बोलताना वक्ता ‘क्लोरो’ म्हणून जातो. पण क्लोरँट्रानिलीप्रोल वेगळे आणि क्लोरपायरीफॉस वेगळे. दोन्हींची मात्रा वेगळी, विषारीपणाही वेगळा. टिपणात नुसते ‘क्लोरो ३ मिली’ असेल, तर दुकानदार हातात काय ठेवील याचा भरवसा नाही. नाव पूर्ण लिहा, पुढची टक्केवारीही लिहा. ऐकू आले नसेल तर अंदाज न करता वक्त्याला किंवा गावच्या कृषी सहायकाला विचारा.

पेरणी : ‘पाऊस झाला की’ म्हणजे किती?

बहुतेक टिपणांची पहिली ओळ असते, ‘चांगला पाऊस झाल्यावर पेरणी करा.’ रेकॉर्डिंगमध्ये मात्र आकडा असतो. सोयाबीनसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत पुरेशी ओल गेल्यावरच पेरणी करावी, अशी शिफारस आहे. हा आकडा गाळला, तर पहिल्या सरीवर पेरणी होते. पुढे आठ-दहा दिवस उघडीप राहिली की दुबार पेरणीचा खर्च बसतो.

इथे आणखी एक अडचण आहे. बातम्यांत येणारा पाऊस महसूल मंडळाचा असतो. साखरा मंडळात ८० मिलिमीटर नोंदला गेला, म्हणजे तुमच्या शेतात ८० पडलाच असे नाही. उपाय सोपा आहे. सरळ उभ्या भिंतीचा, तळ सपाट असलेला डबा शेतात उघड्यावर, झाडापासून लांब ठेवा. रोज सकाळी आतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजून लिहा आणि डबा रिकामा करा. पाण्याची उंची जितके मिलिमीटर, तितके मिलिमीटर पाऊस. शिवाय दोन-तीन ठिकाणी सहा इंच खोल उकरून पाहा. खालची माती हातात दाबली आणि तिचा गोळा झाला, तर ओल पोहोचली आहे.

बियाणे : २६ किलो कोणासाठी?

‘हेक्टरी ६५ किलो बियाणे’ हे वाक्य तुम्ही अनेकदा ऐकले असेल. एक हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर, म्हणून एकरी २६ किलो. पण ही मात्रा किमान ७० टक्के उगवण असलेल्या बियाण्यासाठी आहे. घरचे बियाणे वापरणाऱ्यांच्या टिपणात नेमकी हीच अट नसते.

उगवण घरी तपासता येते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत १०० दाणे मांडा, वर दुसरे ओले गोणपाट टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि पाणी शिंपडत राहा. सात दिवसांनी निरोगी, सरळ कोंब आलेले दाणे मोजा. बियाण्याच्या पोत्यांतून वेगवेगळ्या ठिकाणचे दाणे घेऊन अशा तीन गुंडाळ्या करा आणि सरासरी काढा.

समजा तीन गुंडाळ्यांत ६६, ६४ आणि ६५ दाणे उगवले. सरासरी ६५ टक्के. आता हिशेब असा : २६ गुणिले ७०, भागिले ६५. उत्तर २८. म्हणजे एकरी २८ किलो आणि दोन एकरांना ५६ किलो लागेल. उगवण ६० टक्क्यांच्याही खाली गेली, तर वाढीव बियाण्यावर भागवण्यापेक्षा दुसरे बियाणे पाहिलेले बरे. अशा लॉटमध्ये जे उगवते, त्यातही कमजोर रोपे जास्त असतात.

पुढची पायरी पेरणी यंत्राची. ओळीतले अंतर ४५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत ५ सेंटिमीटर, हे सगळ्यांना पाठ असते. यंत्र तेवढेच बी टाकते का, हे मात्र क्वचितच पाहिले जाते. एका एकरात ४५ सेंटिमीटरवरच्या सगळ्या ओळी एकापुढे एक लावल्या, तर त्यांची लांबी साधारण ९,००० मीटर होते. २८ किलो म्हणजे २८,००० ग्रॅम. भागाकार केला तर दर मीटरला ३ ग्रॅमहून थोडे जास्त, म्हणजे १०० मीटरला सुमारे ३१० ग्रॅम बी पडायला हवे. बांधाच्या कडेला १०० मीटर मोजा, एका नळीच्या तोंडाला पिशवी बांधा, यंत्र नेहमीच्या वेगाने चालवा आणि पिशवीतले बी वजन करा. ४०० ग्रॅम भरले तर बी वाया जात आहे आणि पुढे दाटी होणार आहे. २०० भरले तर पीक विरळ राहील. सगळ्या नळ्या अशा पाहिल्या की कुठली तुंबते तेही कळते.

खोलीची अटही टिपणात हवी. बी ३ ते ४ सेंटिमीटरवर पडावे, पाचच्या खाली जाऊ नये. खोल पडलेले सोयाबीन, विशेषतः पेरणीनंतर जमिनीवर पापडी धरली तर, वर येतच नाही. पेरताना दर काही फेऱ्यांनी ओळ उकरून पट्टी लावून पाहा.

बीजप्रक्रिया : क्रम उलटला की काम फुकट

बीजप्रक्रियेत मात्रेइतकाच क्रम महत्त्वाचा आहे. आधी बुरशीनाशक, मग गरज असेल तर कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी जिवाणू खत. जिवाणू जिवंत असतात. रायझोबियम आधी लावून वरून बुरशीनाशक चोळले, तर त्यांचे नुकसान होते आणि मुळांवर गाठी कमी येतात.

कार्बोक्झिन ३७.५ टक्के अधिक थायरम ३७.५ टक्के या मिश्र बुरशीनाशकाची मात्रा किलोमागे ३ ग्रॅम आहे. ५६ किलोला १६८ ग्रॅम. ते बियाणे सावलीत सुकू द्या. द्रवरूप रायझोबियम किलोमागे १० मिली, म्हणजे ५६ किलोला ५६० मिली. हे पेरणीच्या तीनेक तास आधी लावा, पुन्हा सावलीतच सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. सोयाबीनचे साल पातळ असते. हाताने जोरात रगडले किंवा पोती आपटली, तर तपासणीत आलेली उगवण शेतात येत नाही.

एक अट मात्र ठळक लिहा. विकतच्या पिशवीतले बियाणे आधीच प्रक्रिया केलेले असू शकते. पिशवी आणि तिच्यावरचा टॅग वाचा. कंपनीने बुरशीनाशक लावलेले असेल, तर ते पुन्हा लावू नका, फक्त जिवाणू खत लावा.

फवारणी : आधी मोजा, मग पंप उचला

टिपणात औषधाचे नाव आणि मात्रा येते. ‘कधी फवारायचे’ हा भाग गळतो. मग शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारतो.

हिरव्या उंटअळीचे उदाहरण घेऊ. पीक फुलावर येण्यापूर्वी एक मीटर ओळीत सरासरी ४ लहान अळ्या दिसल्या, तर फवारणीची वेळ आली असे धरतात. यालाच आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. मोजायचे असे : दोन ओळींच्या मध्ये कापड अंथरा, एक मीटर ओळीतली झाडे त्यावर हलकेच झटका आणि पडलेल्या अळ्या मोजा. शेतात सहा ठिकाणी असे करा. समजा ३, ५, २, ४, ६ आणि ४ अळ्या सापडल्या. बेरीज २४, सरासरी ४. फवारणी करा. सरासरी २ आली असती, तर थांबून चार दिवसांनी पुन्हा मोजले असते आणि कदाचित एक फवारणी वाचली असती.

आता मात्रा. क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के या कीटकनाशकाची सोयाबीनसाठीची मात्रा एकरी ६० मिली आहे. प्रशिक्षणात ती बहुधा ‘१० लिटरला ३ मिली’ अशी सांगतात. दोन्ही बरोबर आहेत, पण एकरी २०० लिटर पाणी वापरले तरच. ही अट बोलताना गृहीत धरलेली असते, म्हणून ती टिपणात येत नाही.

आपल्या शेतकऱ्याचा पंप १५ लिटरचा आहे. १० लिटरला ३ मिली या हिशेबाने त्याने पंपाला ४.५ मिली टाकले. पण त्याची चाल भरभर असल्याने एकराला दहाच पंप लागतात. म्हणजे पाणी १५० लिटर आणि औषध ४५ मिली. चौथा हिस्सा औषध कमी पडले. अळी पूर्ण मरत नाही, दोष औषधाला दिला जातो आणि पुढच्या वेळी आणखी एखादे औषध त्यात मिसळले जाते. उलट, सावकाश चालून वीस पंप मारणारा ९० मिली ओततो, म्हणजे दीडपट.

यावर उपाय एकच. औषध मिसळण्याआधी साध्या पाण्याने १० गुंठे फवारून पाहा. अडीच पंप लागले, तर एकराला दहा पंप लागतील. मग ६० भागिले १०, म्हणजे पंपाला ६ मिली. शक्य असेल तर चाल कमी करून पाणी २०० लिटरच्या जवळ आणणे अधिक चांगले, कारण पानाच्या खालच्या बाजूलाही फवारा पोहोचायला हवा. मोजायला खुणा असलेले मापच वापरा. ‘एक टोपण’ हे माप नव्हे, प्रत्येक बाटलीचे टोपण वेगळे असते.

विद्यापीठाच्या सल्ल्यांच्या शेवटी एक ओळ नेहमी असते : दिलेली मात्रा साध्या पंपासाठी आहे, पॉवर स्प्रेसाठी ती तिप्पट करावी. कारण पेट्रोलवरचा पॉवर स्प्रे खूप कमी पाण्यात एकर उरकतो. पाणी तिसरा हिस्सा, म्हणून पंपामागे औषध तिप्पट, एकरी मात्रा तीच. ही ओळ अर्धवट ऐकून कोणी साध्या किंवा चार्जिंगच्या पंपातही तिप्पट टाकले, तर पैसाही जातो आणि धोकाही वाढतो. टिपणात ही ओळ ‘पेट्रोलचा पॉवर स्प्रे असेल तरच’ अशी लिहा. चार्जिंगच्या पंपासाठी वर सांगितलेली साध्या पाण्याची चाचणीच करा.

सुरक्षिततेचा भाग लांबचा वाटला की टिपणातून पहिल्यांदा तोच कापला जातो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, हे विसरून चालणार नाही. प्रशिक्षण ऐकतो शेतमालक आणि पाठीवर पंप घेतो मजूर, असे अनेकदा होते. म्हणून टिपणातल्या या ओळी फवारणाऱ्याला वाचून दाखवा : वाऱ्याच्या दिशेनेच चाला, उलट नको. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. नोझल तोंडाने फुंकू नका. चार औषधे एकत्र करू नका. गरगरले, मळमळले, दिसायला अंधूक झाले की लगेच थांबा. दवाखान्यात जाताना औषधाची बाटली किंवा तिचे लेबल बरोबर न्या, कारण डॉक्टरांना उपचार त्यावरून ठरवायचे असतात.

नोंद : वहीत चार वेळा लिहायचे

‘नोंदी ठेवा’ हे प्रत्येक प्रशिक्षणाचे शेवटचे वाक्य असते. कोणत्या नोंदी, हे सांगेपर्यंत लोक उठलेले असतात. खरे तर हंगामात चार वेळा लिहिले तरी पुरते.

पहिली वेळ बियाणे आणल्यावर : वाण, लॉट क्रमांक, दुकान, पावती क्रमांक आणि उगवण तपासणीचा आकडा. विकतच्या बियाण्याची पावती, पिशवी आणि टॅग जपून ठेवा, मूठभर बियाणेही बाजूला काढा. उगवण झाली नाही, तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते आणि तालुकास्तरीय समिती शेताची पाहणी करते. पण पिशवी फाडून फेकली आणि पावती हरवली, तर तक्रारीला आधार उरत नाही.

दुसरी वेळ पेरणीच्या दिवशी : गट क्रमांक, तारीख, तोवर डब्यात मोजलेला एकूण पाऊस, एकरी बियाणे आणि खत. दहा-बारा दिवसांनी याच ओळीपुढे एक आकडा जोडा, तो म्हणजे एक मीटर ओळीत उगवलेली रोपे. ५ सेंटिमीटर अंतराने ती २० असायला हवीत. १६-१७ असली तरी चालते, दहावर आली तर कारण शोधा.

तिसरी वेळ प्रत्येक फवारणीला. ती नोंद अशी दिसेल : ‘गट अमुक, पेरणीनंतर ३२ वा दिवस. आधी अळ्या मीटरला ४. क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के, बॅच अमुक, पंपाला ६ मिली, एकराला १० पंप. सकाळी ७ ते १०. फवारणारा अमुक. पाचव्या दिवशी अळ्या मीटरला १.’ यातला शेवटचा आकडा सर्वांत मोलाचा. औषध लागू पडले की नाही, हे दुकानदाराला न विचारता कळते. पाचव्या दिवशीही ४ अळ्या असतील, तर आधी पाणी, मात्रा आणि नंतर पडलेला पाऊस तपासा. औषध बदलायचा विचार त्यानंतर करा.

चौथी वेळ विक्रीला : एकरी क्विंटल, मालातला ओलावा, दर, वाहतूक आणि हमाली. सगळा खर्च वजा केला की पुढच्या वर्षी कुठे हात आखडायचा, ते दिसते.

वहीसोबत मोबाइलवरची ई-पीक पाहणीही त्या हंगामाच्या मुदतीत करा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या पद्धतीत पिकाची नोंद शेतकऱ्यालाच सातबाऱ्यावर चढवता येते. हमीभाव खरेदी केंद्रावर नोंदणी करताना हीच नोंद पाहिली जाते. वहीत सोयाबीन आणि सातबाऱ्यावर रकाना कोरा, असे असेल तर केंद्रावर वही चालत नाही.

टिपणाची जबाबदारी कोणाची?

आज ही जबाबदारी गटातल्या उत्साही तरुणावर पडते. त्याचा हेतू चांगला असतो, पण हेक्टरचे एकर करताना त्याची चूक झाली तर भुर्दंड गावाला बसतो. त्यामुळे प्रशिक्षण घेणाऱ्या यंत्रणेनेच रेकॉर्डिंगसोबत एक पान द्यायला हवे. त्यात प्रत्येक मात्रा एकरी असावी, पाणी किती धरले ते असावे, औषधाचे पूर्ण नाव असावे आणि वक्त्याने तपासल्याची सही व तारीख असावी. तारीख यासाठी की शिफारशी बदलतात. सोयाबीनचे बियाणे पूर्वी हेक्टरी ७५ किलो सांगत, म्हणजे एकरी ३०. जुने टिपण फिरत राहिले, तर आजही कोणी एकरी चार किलो जास्त पेरत असेल.

यंत्रणा असे पान देईपर्यंत गावाने स्वतः एक नियम पाळावा. टिपण तयार झाले की ते आधी वक्त्याला किंवा कृषी सहायकाला पाठवायचे आणि ‘बरोबर आहे’ असे उत्तर आल्यावरच गटावर टाकायचे. खाली रेकॉर्डिंगमधले मिनिट लिहायचे, म्हणजे शंका आली तर ज्याला हवे त्याला मूळ वाक्य लगेच ऐकता येईल. आणि औषधाच्या बाबतीत टिपण काहीही म्हणो, बाटलीवरचे लेबल वेगळे सांगत असेल, तर पंप भरण्याआधी फोन करून विचारायचे.